लायसन संपून दहा महिने झाले : रिन्यूअलची मुदत नेमकी कुठवर? (दारव्हा, यवतमाळ)

कापूसवाला_दारव्हा
मंडळी, काकांचं लायसन आज सहज पाहिलं तर वैधता 9 मार्च 2025 लाच संपलेली. म्हणजे दहा महिने उलटून गेले. लायसन यवतमाळचं, MH29, दुचाकी आणि एलएमव्ही दोन्ही त्याच्यावर. काढलेलं 10 मार्च 2005 ला. काकांचा जन्म जून 1979 चा, म्हणजे आज 46 पूर्ण. सध्या कापूस घेऊन ट्रॅक्टर जिनिंगला जातो, हरभऱ्याला पाणी चालू आहे, आणि भाजीचा पिकअपही तेच चालवतात.

दोन प्रश्न. पहिला, नुसतं रिन्यू होते की पुन्हा टेस्ट द्यावी लागते? दुसरा, कोणी म्हणते महिन्याची सवलत असते, कोणी म्हणते वर्षाची, कोणी पाच वर्षं सांगते. खरं काय? ज्याला पक्कं माहीत आहे त्यानंच सांगा.

पांदणरस्ता
काळजी नका करू भाऊ. लायसन संपल्यावर 30 दिवस कायद्यानंच चालते, त्यानंतर लेट फी भरून रिन्यू करता येते. पाच वर्षांच्या आत असलं तर टेस्ट नाही. कायद्यात लिहिलेलं आहे हे.

मोटारनियम
पांदणरस्ताजी, तुम्ही सांगता ते कायद्यात होतं, आता नाही. मोटार वाहन कायद्याचं 14 वं कलम लायसनच्या मुदतीचं आहे. त्याच्या शेवटी एक परंतुक होतं, की मुदत संपली तरी पुढचे 30 दिवस लायसन प्रभावी राहील. 2019 च्या दुरुस्तीनं ते काढून टाकलं, आणि ती दुरुस्ती 1 सप्टेंबर 2019 पासून लागू आहे. तेव्हापासून वैधतेची तारीख संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालवायला लायसन नाही, एवढा सरळ अर्थ आहे.

पाच वर्षांचंही तसंच. 15 व्या कलमात पूर्वी पाच वर्षं उलटली तर टेस्ट असं होतं. त्याच दुरुस्तीनं पाचाच्या जागी एक वर्ष आलं. म्हणून वर्षाची जी सवलत लोक सांगतात ती आहे, पण ती टेस्ट न देता रिन्यू करून घेण्याची आहे. गाडी चालवण्याची सवलत एक दिवसाचीही नाही. गावोगाव या दोन्हींची सरमिसळ होते आणि माणूस निर्धास्त फिरत राहतो.

काकांचा हिशोब मांडतो. 2005 मध्ये नियम असा होता की लायसन 20 वर्षं किंवा वयाच्या 50 पर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. 20 वर्षं 9 मार्च 2025 ला भरली, पन्नाशी 2029 ला येणार, म्हणून 2025 छापलं गेलं. आता एक वर्ष मोजलं की 9 मार्च 2026 येते. त्याच्या आत अर्ज गेला तर टेस्ट नाही. शेवटच्या दिवसाच्या मोजणीवरून खिडकीवर वाद घालत बसण्यापेक्षा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काम उरका. मार्चच्या पहिल्याच आठवड्यात होळी आहे, आणि 8 तारखेला रविवार.

काळी_माती
म्हणजे आज काका ट्रॅक्टर घेऊन निघाले तर विनालायसन?

मोटारनियम
हो. आजच्या तारखेला तसंच धरलं जाईल. कलम 181 मध्ये दंड 5,000 रुपये आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. आणि ट्रॅक्टर दुसऱ्याच्या नावावर असेल तर चालवायला दिली म्हणून मालकावर कलम 180 वेगळं लागतं, तेही 5,000 चं.

वऱ्हाडी_चाक
माह्या ट्रॅक्टरले 15 वर्षं झाली जी, त्याचं रिन्यूअल बी असंच एका वर्षात करा लागते का? आणि तालुक्याच्या कॅम्पात होते का ते?

सेवाकेंद्र_आर्णी
भाऊ, तुम्ही आरसी बुकाचं विचारता आहात, इथं लायसनचं चाललं आहे. आरसीचं काम परिवहनच्या वाहन पोर्टलवर होते आणि गाडी निरीक्षकापुढं उभी करावी लागते. लायसन सारथीवर, त्यात गाडीचा संबंधच नाही. आरसीसाठी नवा धागा काढा, मी तिथं लिहितो. इथं दोन्ही मिसळलं तर काकांचं काम राहून जाईल.

आता काकांसाठी. हे काम घरूनही होते, पण अडते कुठं ते आधी सांगतो. sarathi.parivahan.gov.in उघडून महाराष्ट्र निवडायचं, मग Apply for DL Renewal. लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकून Get DL Details दाबलं की काकांचं नाव, फोटो, गाडीचे प्रकार आणि वैधता समोर येते. पहिलं काम हेच करा, आजच करा, आणि पुढं काही न भरता थांबा. कारण निम्मे अर्ज इथंच अडतात. नाव लायसनवर एक आणि आधारवर दुसरं. लायसनवर वडिलांचं नाव मध्ये नाही, आधारवर आहे. किंवा जन्मतारखेत फरक, कारण 2005 मध्ये शाळेचा दाखला लावला आणि आधार काढताना तोंडी तारीख सांगितली. असा फरक असला तर आधार ओटीपीनं होणारा घरबसल्याचा मार्ग बंद पडतो आणि कागद घेऊन कार्यालयात जावं लागते. हे आज कळलं तर दीड महिना हाताशी आहे. मार्चमध्ये कळलं तर वर्ष निघून जाते.

दुसरी गोष्ट, आधारला लागलेला मोबाइल नंबर चालू आहे का ते पाहा. पोराच्या जुन्या सिमवर ओटीपी जातो आणि ते सिम बंद असते, हे आमच्याकडं दर आठवड्याला दिसते.

पांदणरस्ता
30 दिवसांचं मान्य, माझी माहिती जुनी होती. पण मोटारनियमजी, एक सांगा. 30 दिवसांच्या आत रिन्यू केलं तर मागच्या तारखेपासून लागू होते ना? म्हणजे मध्ये खंड पडत नाही.

मोटारनियम
तेही दुरुस्तीच्या आधीचं. आज वर्षाच्या आत केलेलं नूतनीकरण ज्या दिवशी होईल त्या दिवसापासून लागू होतं. मागं जात नाही. काकांचं समजा 10 फेब्रुवारी 2026 ला मंजूर झालं, तर 10 मार्च 2025 ते 9 फेब्रुवारी 2026 हा काळ कायमचा कोराच राहणार. त्या काळात कुठं अपघात झाला असेल तर आजचं रिन्यूअल त्याला उपयोगी नाही.

आता पुढची मुदत. काका 30 च्या पुढं आणि 50 च्या आत आहेत, म्हणून रिन्यूअलपासून 10 वर्षं मिळतील, म्हणजे 2036 पर्यंत. तेव्हा ते 56 चे असतील, आणि 55 नंतर दर वेळी फक्त 5 वर्षं. 50 ते 55 मध्ये रिन्यू करणाऱ्याला सरळ वयाच्या 60 पर्यंत देतात. घरात इतरांची लायसनं असतील तर त्याही तारखा पाहून घ्या. 2004-05 च्या सुमारास पंचविशीत ज्यांनी लायसन काढलं, त्या सगळ्यांची 20 वर्षं आत्ताच भरत आहेत. गावात कितीतरी खिशांमध्ये असं संपलेलं कार्ड असेल.

विमा_पाहणी
दंडाच्या पाच हजारांवर सगळे थांबतात, म्हणून लिहितो. खरा फटका विम्यात आहे.

ट्रॅक्टर-ट्रॉलीनं एखाद्या दुचाकीवाल्याला उडवलं आणि चालवणाऱ्याचं लायसन संपलेलं निघालं, तर काय होते? जखमीला भरपाई द्या आणि मग मालकाकडून वसूल करा, असा आदेश न्यायाधिकरण विमा कंपनीला देऊ शकते. स्वर्ण सिंग प्रकरणात 2004 साली सर्वोच्च न्यायालयानं हा मार्ग नीट मांडला. जखमीच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, त्याची काय चूक. पण वसुली येते ती सातबाऱ्यावर. मालकानं जाणूनबुजून किंवा हलगर्जीनं संपलेल्या लायसनवाल्याला गाडी दिली, हे कंपनीला सिद्ध करावं लागते. चालवणारा मालक स्वतः असला तर त्याला काय सांगणार, की मला माझ्याच कार्डावरची तारीख ठाऊक नव्हती?

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर आणखी लवकर अडतो. पॉलिसीत चालकाबद्दलचं कलम असते, की अपघाताच्या वेळी त्याच्याकडं प्रभावी लायसन असावं. मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही त्याच अटीवर उभा आहे. दाव्यासोबत लायसन मागतात, आणि पाहणीत अपघाताची तारीख लायसनच्या दोन तारखांच्या मध्ये पडते की नाही हे आधी पाहिलं जाते.

काळी_माती
पण शेताच्या कामाच्या ट्रॅक्टरला कोण विचारते हो? पांदणीवर पोलीस नसतो.

विमा_पाहणी
पांदणीवर नसेल. जिनिंगच्या रस्त्यावर असते, राज्य महामार्गावर असते. आणि अपघात पोलीस पाहून होत नाही. रात्री मागच्या लाइटशिवाय उभ्या ट्रॉलीला दुचाकी धडकते, हा आपल्याकडचा नेहमीचा अपघात. त्यात पहिला पंचनामा ट्रॅक्टरच्या कागदांचा होते.

पुण्यात_वाशिमकर
माझं थोडं वेगळं आहे. लायसन वाशिमचं, जुनं छोटं पुस्तक, हातानं लिहिलेलं. सारथीवर नंबर टाकला की माहिती सापडत नाही म्हणते. वैधता जुलै 2025 ला संपली. मी पुण्यात कंपनीत आहे. इथूनच होईल का?

मोटारनियम
रिन्यूअल कुठल्याही परवाना प्राधिकरणाकडं करता येतं, त्यासाठी वाशिमलाच गेलं पाहिजे असं कायदा म्हणत नाही. पुण्याचा पत्ता लावून पत्ताबदलही त्याच अर्जात घेता येतो. पण तुमची अडचण पत्त्याची नाही, पुस्तकाची आहे. तुमची नोंद संगणकावर चढलेलीच नाही. ती ज्या कार्यालयानं पुस्तक दिलं तेच चढवतं, कारण मूळ रजिस्टर त्यांच्याकडं आहे. त्याला बॅकलॉग म्हणतात. नोंद चढल्याशिवाय पुण्यातला अर्ज पुढं सरकणार नाही.

सेवाकेंद्र_आर्णी
यात एक भर. पुस्तकावरचा नंबर जसाच्या तसा टाकू नका. जुन्या पुस्तकात नंबर बहुतेक वेळा नुसता आकडा आणि वर्ष असा लिहिलेला असते. सारथीला मात्र राज्य, कार्यालयाचा क्रमांक, चार आकडी वर्ष आणि शेवटी सात आकडे लागतात. म्हणजे पुस्तकात 4512/04 असं असलं तर ते असं होते:

```
MH37 20040004512
```

आधी शून्यं भरून हे करून पाहा. पुष्कळदा नोंद असते, फक्त नंबर चुकीचा टाकला जाते. यानंतरही सापडलं नाही तरच बॅकलॉगसाठी मूळ पुस्तक घेऊन वाशिम गाठा. पुस्तकाच्या सगळ्या पानांचे फोटो आधी काढून ठेवा, कारण गाडीच्या प्रकाराचा शिक्का आणि वैधता वेगवेगळ्या पानांवर असते.

पुण्यात_वाशिमकर
शून्यं भरून पाहिलं. सापडलं! धन्यवाद. दुचाकी आणि एलएमव्ही दोन्ही दिसते.

एल_पाटी
मी ट्रेनिंग स्कूलच्या बाजूनं सांगतो, कारण वर्ष उलटलेली माणसं शेवटी आमच्याकडंच येतात.

9 मार्च 2026 गेली तर काकांना काय करावं लागेल ते पाहा. आधी लर्निंग. त्याची संगणकावरची परीक्षा, 15 प्रश्नांपैकी किमान 9 बरोबर. आधार जुळत असलं तर घरूनही देता येते. मग 30 दिवस थांबायचं, त्याआधी पक्क्या टेस्टची तारीख मिळत नाही. लर्निंग सहा महिने चालते, त्याच्या आत टेस्ट द्यायची. दुचाकीला आठचा आकडा, पाय खाली न टेकवता. चारचाकीला रिव्हर्स आणि चढावर थांबून पुन्हा उचलणं. वीस वर्षं चालवणारी माणसं रिव्हर्समध्ये सहसा नापास होत नाहीत. नापास होतात ती सिग्नल न देता वळल्यानं आणि सीटबेल्ट न लावता बसल्यानं, कारण वीस वर्षांची सवय तशी असते.

त्याहून मोठी अडचण अशी, की त्या 30 दिवसांत काका एकटे गाडी चालवू शकत नाहीत. पुढं-मागं लाल एल लावायचा आणि शेजारी पक्कं लायसन असलेला शिकवणारा माणूस बसवायचा. ट्रॅक्टरवर तो बसणार कुठं? म्हणजे हंगामात महिनाभर ड्रायव्हर ठेवा, नाहीतर ट्रॅक्टर उभा करा. म्हणून मी म्हणतो, वर्षाच्या आतच करून टाका.

मोटारनियम
एल_पाटीजींच्या एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. 15 व्या कलमाचे शब्द असे आहेत, की वर्षानंतर अर्ज आला तर अर्जदार कलम 9 ची वाहन चालवण्याची चाचणी पास होत नाही तोवर प्राधिकरणानं नूतनीकरण नाकारावं. त्यात चाचणीचा उल्लेख आहे, लर्निंग नव्यानं काढा असा शब्द नाही. कायद्याच्या दृष्टीनं हे नूतनीकरणच आहे, नवं लायसन नव्हे.

एल_पाटी
कलम तुम्ही सांगता तसंच असेल, मी वाद घालत नाही. पण लर्निंगशिवाय टेस्टचा स्लॉट घेता आला पाहिजे ना. आमच्याकडं वर्ष उलटलेल्या माणसाला लर्निंग काढायलाच सांगतात. आणि साधा विचार करा, लायसन संपलेलं असताना तो सराव कशाच्या आधारावर करणार? लर्निंग असलं तर निदान रस्त्यावर कायदेशीर सराव होते.

मोटारनियम
सरावाचा मुद्दा पटण्यासारखा आहे. तरी ज्याला थेट टेस्ट हवी त्यानं कलमाचा उल्लेख करून लेखी विनंती द्यावी आणि उत्तरही लेखीच मागावं. काही कार्यालयं मान्य करतात असं ऐकलं आहे, पण त्यावर कुणी हंगामाचं नियोजन करू नये.

पांदणरस्ता
आमच्याकडचा एक एजंट सांगते, जुनं लायसन दाखवूच नका, सरळ नवं काढा, डोक्याला ताप नाही.

सेवाकेंद्र_आर्णी
अजिबात करू नका. एका माणसाकडं एकच लायसन असावं असं कायद्यात आहे, आणि अर्जात आधी लायसन होतं का हा प्रश्न असते. तिथं नाही म्हटलं की खोटी माहिती दिल्यासारखं होते. आधारमुळं जुनी नोंद पुढंमागं सापडतेच. वर ज्यांच्या लायसनवर जड वाहनाची नोंद आहे त्यांचं ते सगळं जाते, कारण नवं लायसन एलएमव्हीपासून सुरू होते. एजंटाला दोन अर्जांचे पैसे मिळतात, एवढाच त्यात फायदा. अर्जात जुना नंबर दाखवूनच पुढं जा.

कापूसवाला_दारव्हा
सगळ्यांचे आभार. मी आत्ता सारथीवर पाहिलं. नाव आधारशी जुळते, जन्मतारीखही. पण स्क्रीनवर वैधता दोन ठिकाणी आहे. एक Non-Transport, तिथं 9 मार्च 2025. दुसरं Transport, ते रिकामं. मग पिकअपसाठी वेगळं काही लागते का? आणि फी किती येईल? काका म्हणतात हजारो रुपये लागतील म्हणून टाळत होते.

मोटारनियम
Transport रिकामं आहे म्हणजे काकांनी व्यावसायिक वाहनाची नोंद कधी घेतलीच नाही. पिकअपचं एकूण वजन, म्हणजे मालासकट जास्तीत जास्त मान्य असलेलं, 7,500 किलोच्या आत असतं. एवढ्या वजनाच्या माल वाहनाला साधं एलएमव्ही पुरतं, वेगळी ट्रान्सपोर्ट नोंद नको, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 ला पक्कं केलं. आकडा आरसीवर छापलेला असतो, तो पाहून घ्या. रस्त्यावर कुणी विचारलं तर आरसी दाखवावी लागेल. आणि ज्यांच्या लायसनवर दोन्ही तारखा आहेत त्यांनी लक्षात ठेवा, ट्रान्सपोर्टची मुदत 5 वर्षांचीच असते आणि ती आधी संपते. साध्या गाडीची तारीख बाकी दिसते म्हणून ट्रकही चालतो असं नाही.

फीबद्दल : रिन्यूअलचे 200, स्मार्ट कार्डाचे 200, त्यावर टपालाचे आणि सेवेचे थोडे. सवलतीची मुदत संपल्यावर अर्ज केला तर 200 च्या जागी 300, आणि उशिराच्या प्रत्येक वर्षाला किंवा वर्षाच्या भागाला 1,000, असा 2016 च्या अधिसूचनेतला नियम आहे.

काळी_माती
मग काकांना हजार लागणार की नाही? सवलतीची मुदत कुठली धरायची, 30 दिवस की एक वर्ष? तुम्हीच वर सांगितलं की 30 दिवसांचं परंतुक काढून टाकलं.

मोटारनियम
प्रश्न रास्त आहे. कायदा 2019 ला बदलला, आणि फीचा नियम त्याच्या आधीचा असून त्यात नुसतं सवलतीची मुदत असं लिहिलेलं आहे. एक वर्ष धरलं तर काकांना दंडाची फी नाही, 30 दिवस धरले तर हजार. माझं वाचन एका वर्षाचं आहे, कारण आज कायद्यात तेवढीच मुदत उरली आहे.

सेवाकेंद्र_आर्णी
फी आपण ठरवत नाही, पोर्टल स्वतः काढते. कागद चढवून झाले की पैसे भरायच्या पानावर प्रत्येक रकमेचं नाव वेगळं दिसते. तिथं थांबून वाचा, स्क्रीनशॉट काढा, मगच भरा. जास्तीत जास्त हजार-दीड हजाराच्या आसपासची गोष्ट आहे. वर्ष उलटल्यावर दोन प्रकारांच्या लर्निंगचे प्रत्येकी 150, टेस्टचे प्रत्येकी 300, वर लायसन आणि कार्ड, आणि महिनाभर ड्रायव्हरची मजुरी. काकांना हा हिशोब सांगा.

आणि काका 40 च्या वर आहेत, म्हणून डॉक्टरचं नमुना 1अ लागेल. 40 च्या आतल्याला नमुना 1 वर स्वतःची सही पुरते, काकांना नाही. इथं पुष्कळ अर्ज परत येतात. डॉक्टर एमबीबीएस आणि नोंदणीकृत हवा. गावातल्या आयुर्वेदाच्या डॉक्टरची सही चालत नाही. आपल्या राज्यात सारथीवर नोंद असलेला डॉक्टरच ते प्रमाणपत्र ऑनलाइन चढवते, म्हणून आधी फोन करून विचारा की सारथीचं लॉगिन आहे का. काकांना डॉक्टरपुढं स्वतः जावं लागेल, पोरानं फोटो नेऊन भागणार नाही.

एल_पाटी
चष्मा असेल तर घालूनच जा. नमुन्यात 25 मीटरवरून गाडीच्या नंबरप्लेटचा आकडा वाचता येते का हा प्रश्न आहे, चष्म्यासकट वाचता आलं तरी चालते. घरीच पाहायचं असेल तर पिकअप आवारात उभी करा, तीस-पस्तीस पावलं मोजा आणि एकेक डोळा झाकून वाचायला सांगा. अडखळले तर आधी चष्मा करून घ्या. चाळिशीनंतर दूरचं ठीक दिसते असं माणूस म्हणते, पण संध्याकाळी ट्रॉली मागं घेताना कळते.

वऱ्हाडी_चाक
आमच्याइकडं तालुक्याले कॅम्प लागते, मंग यवतमाळले कायले जा लागते? कॅम्पातच होते ना रिन्यू?

सेवाकेंद्र_आर्णी
कॅम्पात होऊ शकते, पण अर्ज आणि फी आधी ऑनलाइनच भरावी लागते, कॅम्पात कोरा कागद घेऊन गेलं तर परत पाठवतात. कॅम्पाची तारीख स्लॉट घेताना कार्यालयाच्या यादीत दिसते. गर्दीत तारीख लांबची मिळते, मार्चअखेरीस तर आणखीच. काकांचं आधार जुळते आहे, त्यांना टेस्ट नाही, म्हणून आधार ओटीपीनं घरूनच होईल, कॅम्पाची गरज पडू नये.

पांदणरस्ता
अर्ज केला, पैसे भरले, पावती मिळाली. पावती दाखवून काका चालवू शकतात का कार्ड येईपर्यंत?

मोटारनियम
पावतीवर नाही. अर्ज मंजूर झाला आणि सारथीवर नवी तारीख दिसली की मग. कार्ड टपालानं यायला वेळ लागतो, पण त्यासाठी थांबू नका. मंजुरीनंतर डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दिसणारं लायसन रस्त्यावर दाखवायला ग्राह्य आहे. मंजुरी झाली की दोन्हीपैकी एकात उतरवून घ्या आणि वैधतेच्या जागी नवी तारीख आली का ते डोळ्यांनी पाहा. जुनीच दिसत असेल तर पुन्हा मागवा.

पुण्यात_वाशिमकरजी, तुमचं जुलै 2025 चं आहे, म्हणजे जुलै 2026 पर्यंत वेळ आहे. पण चालवायला तुम्हालाही आज मनाई आहे.

पुण्यात_वाशिमकर
दुचाकी उभी केली आजपासून. कंपनीच्या बसनं जाईन.

काळी_माती
कोविडच्या वेळी मुदत वाढवली होती ना? त्याचा फायदा मिळेल का कोणाला?

मोटारनियम
ती वाढ 31 ऑक्टोबर 2021 पर्यंतच होती. 2020 ला संपलेलं लायसन आजवर तसंच ठेवलेल्याला आता त्याचा काही उपयोग नाही. त्याला टेस्ट द्यावीच लागेल.

कापूसवाला_दारव्हा
काकांनी ऐकलं. दारव्ह्यातल्या एका एमबीबीएस डॉक्टरकडं सारथीचं लॉगिन आहे, शुक्रवारी वेळ मिळाली आहे. नंबरप्लेट उजव्या डोळ्यानं स्पष्ट, डाव्यानं शेवटचे दोन आकडे चुकले, म्हणून त्याआधी चष्म्याचं करतो. तोवर ट्रॅक्टर चुलतभाऊ चालवेल, त्याचं 2031 पर्यंत आहे, कार्ड काढून पाहिलं. फीच्या पानावर काय येते ते इथं टाकतो.

काळी_माती
हजार दिसले तर त्या रकमेचं नाव तसंच्या तसं लिहा. आमच्या गल्लीत अशी आणखी तीन कार्डं निघाली आहेत.